टॉपचं तापमान सोडा, चोविसावी प्लेट बघा: स्पिरिटची स्ट्रेंथ सांगणारा सॉफ्ट सेन्सर कसा बांधायचा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नव्याने रुजू झालेल्या इन्स्ट्रुमेंट किंवा प्रॉडक्शनच्या माणसासाठी हा लेख आहे. विषय एकच घेतला आहे. रेक्टिफायर कॉलममधून निघणाऱ्या स्पिरिटची स्ट्रेंथ दोन लॅब नमुन्यांच्या मधल्या काळात तापमान आणि दाब यांच्यावरून कशी ओळखायची, आणि त्या अंदाजावर कॉलम कसा चालवायचा. अशा अंदाजाच्या गणिताला सॉफ्ट सेन्सर म्हणतात, आणि त्यावर चालणाऱ्या नियंत्रणाला इनफरेन्शियल कंट्रोल.

लॅबचा नमुना दोन-चार तासांनी एकदा जातो. रेक्टिफाइड स्पिरिटसाठी ९४.६८ टक्के ही आकारमानाने मोजलेली किमान स्ट्रेंथ सगळ्यांना पाठ असते. मधल्या दोन तासांत स्ट्रेंथ तिच्याखाली गेली, तर कळेपर्यंत रिसीव्हरमध्ये बराच माल पडलेला असतो. या भीतीने ऑपरेटर रिफ्लक्स गरजेपेक्षा जास्त ठेवतो. माल चांगला येतो, पण वाफ जास्त जळते.

प्रॉडक्ट लाइनवर घनता मोजणारा मास फ्लो मीटर बसवला तर स्ट्रेंथ थेट दिसते, हे खरं आहे. बजेट असेल तर जरूर बसवा. पण तो मीटर माल बाहेर आल्यावर बोलतो. कॉलमच्या मधल्या प्लेटचं तापमान त्याआधीच हललेलं असतं, त्यामुळे मीटर असला तरी खालचं गणित वाया जात नाही.

पहिली पायरी: टॉपच्या तापमानावर विसंबू नका

नवीन माणसाला सगळ्यात आधी सुचतं ते असं: माल वरून निघतो, तर वरचं तापमान बघावं. अल्कोहोल आणि पाण्याच्या बाबतीत हा विचार फसतो, आणि का फसतो ते आकड्यांतूनच कळतं.

समुद्रसपाटीच्या दाबाला इथेनॉल आणि पाणी यांचा ॲझिओट्रोप ७८.१५ अंशांना उकळतो. त्यात वजनाने ९५.६ टक्के, म्हणजे आकारमानाने सुमारे ९७.२ टक्के अल्कोहोल असतं. आता आकारमानाने सुमारे ९२ टक्के असलेला, म्हणजे सरळ सरळ नापास माल घ्या. तो ७८.४१ अंशांना उकळतो. पाच टक्क्यांचा फरक, आणि तापमानात जेमतेम ०.२६ अंश. पास होणाऱ्या मालाचा संपूर्ण पट्टा त्याहून अरुंद, साधारण ०.१ अंशात बसतो.

आता हे मोजणारं यंत्र बघा. पीटी-१०० आरटीडी ए क्लासचा असला तरी ८० अंशांच्या आसपास त्याची मान्य चूक अधिक-उणे ०.३ अंश असते. बी क्लासचा असेल तर ०.७ अंश. म्हणजे मोजपट्टीचीच चूक मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी.

त्यात दाबाची भर. टॉपला दाब १० मिलिबारने, म्हणजे पाण्याच्या १०० मिलिमीटरने वाढला, तर स्ट्रेंथ तसूभरही न बदलता तापमान सुमारे पाव अंश चढतं. कंडेन्सरचं पाणी दुपारी जरा कोमट झालं की एवढं होतंच.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरच्या वर आहोत. इथला हवेचा दाब १०१३ नाही, ९४८ मिलिबारच्या आसपास असतो. त्यामुळे व्हेंट उघडा असलेल्या कॉलममध्ये पुस्तकातला ७८.१५ चा आकडा कधीच दिसणार नाही, तो साधारण ७६.५ च्या जवळ दिसेल. पुस्तक उघडून ‘आरटीडी दीड अंश कमी दाखवतो’ असा निष्कर्ष काढून ट्रान्समीटरमध्ये ऑफसेट टाकणारी माणसं प्रत्येक डिस्टिलरीत निघतात. तुम्ही ते करू नका.

दुसरी पायरी: बोलकी प्लेट शोधा

टॉप मुका असला तरी कॉलमचा मधला भाग भरपूर बोलतो. प्लेटवरच्या द्रवात वजनाने ४४ टक्के अल्कोहोल असेल तर तो समुद्रसपाटीच्या दाबाला ८२.७ अंशांना उकळतो, आणि १७ टक्के असेल तर ८९ अंशांना. इथे अल्कोहोल जरा इकडेतिकडे झालं की आरटीडीला सहज दिसेल इतकं तापमान हलतं. वाफेच्या मानाने माल जास्त ओढला, तर कॉलममधला अल्कोहोलचा साठा कमी होतो, पाणी वर सरकू लागतं, आणि त्याची वर्दी मधल्या प्लेटा सगळ्यात आधी देतात. त्यानंतर काही वेळाने वरची स्ट्रेंथ पडते.

कोणती प्लेट घ्यायची हे ड्रॉइंगवरून ठरवू नका, चाचणी घ्या. कॉलम तीन-चार तास स्थिर चालू द्या. फीड आणि वाफ तशीच ठेवून स्पिरिटचा ड्रॉ दोन-तीन टक्क्यांनी वाढवा आणि प्रत्येक आरटीडीचा ट्रेंड बघा. मग मूळ जागी आणा, आणि तेवढाच कमी करून बघा. दोन्ही दिशांना ज्या प्लेटचं तापमान साधारण सारखं आणि ठळक हललं, ती आपली प्लेट. एका दिशेला चार अंश आणि दुसऱ्या दिशेला अर्धा अंश हलणारी प्लेट दिसायला जोरदार वाटते, पण कंट्रोलला ती त्रास देते. चाचणी चालू असताना माल कोणत्या रिसीव्हरला जाणार हे शिफ्ट केमिस्टला आधी सांगून ठेवा. स्पिरिटचा प्रत्येक लिटर हिशोबाचा असतो.

समजावण्यासाठी एक कॉलम गृहीत धरू. ६० प्लेटा, खालून मोजलेल्या. चाचणीत २४ नंबरची प्लेट बोलकी निघाली. टॉपचा गेज दाब २२ मिलिबार, आणि पूर्ण कॉलमचा प्रेशर ड्रॉप ३०० मिलिबार, म्हणजे प्लेटमागे ५. पुढचे सगळे आकडे याच कॉलमचे आहेत. ते नमुन्याचे आहेत, तुमच्या कॉलमवर जसेच्या तसे चिकटवायचे नाहीत. तुमचा रेक्टिफायर मल्टिप्रेशर पद्धतीत चढ्या दाबावर चालत असेल तर संदर्भाचे आकडे बदलतील, रीत हीच राहील.

तिसरी पायरी: तापमानातून दाब वजा करा

सगळ्या कामाचं मर्म या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्लेटचं तापमान दोन कारणांनी हलतं: द्रवातलं अल्कोहोल बदललं म्हणून, किंवा त्या प्लेटवरचा दाब बदलला म्हणून. आपल्याला पहिलं कारण हवं आहे, तेव्हा दुसऱ्याचा वाटा काढून टाकायचा. त्यासाठी दाब टॉपचा नव्हे, त्या प्लेटचा हवा, आणि तोही ॲब्सोल्यूट.

२४ नंबरच्या वर ३६ प्लेटा आहेत. प्रेशर ड्रॉपचा ६० पैकी ३६ एवढा भाग, म्हणजे १८० मिलिबार, टॉपच्या दाबात मिळवायचा. टॉपचा गेज दाब २२, हवेचा दाब ९४८. बेरीज ११५० मिलिबार. हा आपला संदर्भ दाब.

आता एक मिलिबारला तापमान किती हलतं? इथेनॉलच्या बाष्पदाबाच्या समीकरणावरून टॉपच्या दाबाला हा आकडा सुमारे ०.०२६ अंश येतो, आणि ११५० मिलिबारला ०.०२२. पाण्यासाठी त्याच दाबाला तो जवळपास ०.०२५ आहे. २४ नंबरवर दोन्हींचं मिश्रण आहे, म्हणून ०.०२३ धरू. तिसऱ्या दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही. हा आकडा थोडा चुकला तरी चालतो, दाबाची दुरुस्तीच केली नाही तर मात्र चालत नाही.

उदाहरण बघा. सकाळी २४ नंबरवर ८६.९ अंश होते आणि प्लेटचा दाब ११५० होता. रात्री लोड वाढवला. टॉप २९ वर गेला, प्रेशर ड्रॉप ३२५ झाला. प्लेटचा दाब ९४८ अधिक २९ अधिक १९५, म्हणजे ११७२. तापमान ८७.४ दिसू लागलं. ऑपरेटरचा फोन येतो, “साहेब, चोवीस नंबर चढायलाय, ड्रॉ कमी करू काय?” दाब २२ मिलिबारने वाढला आहे. २२ गुणिले ०.०२३ म्हणजे ०.५ अंश. तो वजा केला की उरतात ८६.९. सकाळी होतं तेच अल्कोहोल प्लेटवर आहे, आणि ड्रॉला हात लावायचं काही कारण नाही. ज्या कॉलमवर दाबाची दुरुस्ती नाही, तिथे लोड बदलला की प्रत्येक वेळी अशी विनाकारण खेचाखेच होते, आणि शेवटी लोक म्हणतात की तापमानावर भरवसा नाही.

हवेचा दाब ९४८ असा कायमचा लिहून ठेवला तर? तो हिवाळ्यात आणि ऐन पावसाळ्यात सात-आठ मिलिबारने वेगळा असतो, आणि एका दिवसातही सकाळ ते दुपार दोन-तीन मिलिबारने हलतो. २४ नंबरवर त्याचा परिणाम फार तर ०.२ अंश. इथे चालून जाईल, कारण ही प्लेट अंशांच्या भाषेत बोलते. टॉपला तेवढ्याने पास-नापास उलटलं असतं. तरीही एक ॲब्सोल्यूट प्रेशर ट्रान्समीटर मिळाला तर प्रश्नच मिटतो.

दाबाची लाइन कशी बसवली आहे ते स्वतः जाऊन बघा. ट्रान्समीटर टॅपिंगच्या खाली असेल तर इम्पल्स ट्यूबमध्ये कंडेन्सेट साठतं. १० सेंटिमीटर पाणी साठलं की जवळपास १० मिलिबार जास्त दिसतात, आणि आपलं गणित पाव अंश वजा करून मोकळं होतं. ट्रान्समीटर टॅपिंगच्या वर हवा, आणि ट्यूबला सलग उतार हवा. आरटीडीची वायरिंगही बघा. पीटी-१०० एका अंशाला ०.३८५ ओहम बदलतो, म्हणजे दोन वायरींच्या जोडणीत केबलचा तेवढाच रोध मिसळला की एक अंश फुकटचा चढतो. तीन वायरींची जोडणी घ्या.

चौथी पायरी: लॅबच्या आकड्यांशी सांधा जुळवा

आता दुरुस्त केलेलं तापमान आणि स्पिरिटची स्ट्रेंथ यांचं नातं काढायचं. सोबत रिफ्लक्स रेशो घ्यायचा, म्हणजे रिफ्लक्सचा फ्लो भागिले ड्रॉचा फ्लो, कारण २४ नंबरवर तेच तापमान असतानाही रिफ्लक्स जास्त असेल तर वरच्या प्लेटा माल जास्त घासून काढतात. दोनच चल घेऊन साधी रेषा बसवा. उपलब्ध असलेले सगळे चौदा आरटीडी गणितात टाकायचा मोह होतो. पण शेजारच्या प्लेटांची तापमानं एकत्रच हलतात, त्यामुळे साध्या रिग्रेशनमध्ये त्यांचे गुणांक एक मोठा अधिक आणि एक मोठा उणे असे येतात, आणि एक आरटीडी जरा सरकला की उत्तर कोसळतं. सगळे आरटीडी वापरायचेच असतील तर पार्शियल लीस्ट स्क्वेअर्स ही पद्धत त्यासाठीच आहे. पण पहिल्या सीझनला नको.

नमुने गोळा करताना तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं.

पहिली वेळेची. रजिस्टरमध्ये नमुन्याची वेळ ‘१०’ अशी लिहिलेली असते. नमुना दहाला काढला, की दहाला तपासला, की दहाच्या रकान्यात भरायचा म्हणून भरला? गणितासाठी बाटली भरल्याची मिनिटासह वेळ लागते. नमुना घ्यायच्या आधी अर्धा तास कॉलम स्थिर असावा, आणि नमुन्याची जागा कूलरच्या लगेच पुढे असावी. रिसीव्हरमधला नमुना हा कित्येक तासांच्या मालाची सरासरी असतो, तो इथे निरुपयोगी.

दुसरी हायड्रोमीटरची. ९५ टक्क्यांच्या आसपास नमुना एका अंशाने जास्त गरम असला की स्ट्रेंथ सुमारे ०.२ टक्क्याने जास्त दिसते. मे महिन्यात ३५ अंशांचा नमुना तक्त्याने दुरुस्त न करता लिहिला, तर २० अंशांच्या मानाने तीन टक्क्यांची चूक. केमिस्ट दुरुस्ती करतातच, पण नमुन्याचं तापमान कोणत्या क्षणी बघितलं आणि तक्ता कोणत्या अंशाचा वापरला, हे सगळ्या शिफ्टमध्ये एकसारखं आहे का ते एकदा बसून बघा. जुनी ९४.६८ ची मर्यादा १५.६ अंशांवर सांगितलेली आहे, आणि आजचे बरेच तक्ते २० अंशांचे असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. रोजच्या चालू कॉलमचा दोन महिन्यांचा डेटा उचलून रेषा बसवली, तर ती बहुधा खोटी निघते. चांगला ऑपरेटर २४ नंबर कायम ८७ च्या आसपास धरून ठेवतो. जे हललंच नाही त्याचा परिणाम डेटात दिसणार कुठून? उरतो तो लॅबचा आणि आरटीडीचा गोंधळ, आणि रेषा त्यालाच बसते. म्हणून मुद्दाम सेटपॉइंट हलवून नमुने घ्या: काही ८६ वर, काही ८८ वर, काही ८९ वर, आणि रिफ्लक्स रेशोचेही दोन-तीन टप्पे. असे चाळीस-पन्नास नमुने जमले की रेषा बसवा, आणि त्यातले दहा बाजूला ठेवून त्यांच्यावर पडताळा. पडताळणीत नेहमीची चूक ०.१५ टक्क्याच्या आत असेल तर काम झालं म्हणा. हायड्रोमीटरच ०.१ च्या पलीकडे खात्रीने बोलत नाही, त्याहून बारीक उत्तर गणिताकडून मागायचं कारण नाही.

गुणांकांची चिन्हं तपासा. तापमान वाढलं की स्ट्रेंथ घटली पाहिजे, रिफ्लक्स वाढला की वाढली पाहिजे. चिन्ह उलटं आलं तर आलेख कितीही सुबक दिसला तरी ती रेषा फेकून द्या.

आपल्या नमुन्याच्या कॉलमसाठी रेषा अशी आली असं धरू:

```
P24 = PATM + PTOP + DP * 36 / 60
TC  = T24 - 0.023 * (P24 - 1150)
S   = 95.0 - 0.25 * (TC - 86.9) + 1.2 * (R - 3.0) + BIAS
```

संध्याकाळी सहाचे आकडे घालून बघू. २४ नंबर ८८.९ अंश, टॉप २७, प्रेशर ड्रॉप ३१५, रिफ्लक्स रेशो २.९, आणि बायस, म्हणजे लॅबच्या निकालावरून पुढच्या पायरीत करायची दुरुस्ती, सध्या शून्य. प्लेटचा दाब ९४८ अधिक २७ अधिक १८९, म्हणजे ११६४. संदर्भापेक्षा १४ जास्त, दुरुस्ती ०.३२. दुरुस्त तापमान ८८.५८. ते संदर्भापेक्षा १.६८ अंशांनी जास्त, म्हणून ०.४२ टक्के घट. रिफ्लक्स ०.१ ने कमी, म्हणून आणखी ०.१२ घट. अंदाज ९४.४६. लॅबचा पुढचा नमुना यायला तास आहे, पण माल ९४.६८ च्या खाली गेल्याचं आत्ताच कळलं. ड्रॉ कमी करून रेशो ३.१ आणि दुरुस्त तापमान ८७.८ वर आणलं, तर अंदाज ९४.९ च्या जवळ येतो.

ही रेषा सरळ आहे, आणि खरं नातं सरळ नाही. ॲझिओट्रोपच्या जवळ जाल तसा रिफ्लक्स कितीही वाढवला तरी स्ट्रेंथ अडून बसते. त्यामुळे ही रेषा नमुने घेतले त्या पट्ट्यातच, म्हणजे साधारण ९४ ते ९६ मध्येच खरी. स्क्रीनवर ९७.८ आलं तर ते स्पिरिट नव्हे, गणिताचं रानोमाळ भटकणं आहे. पट्ट्याबाहेर आकड्याचा रंग बदलेल अशी सोय करा.

पाचवी पायरी: लॅबचा आकडा आला की बायस हलवा, पण थोडाच

रेषा एकदा बसवून सोडून दिली तर महिन्याभरात ती सरकते. लॅबचा प्रत्येक निकाल अंदाजाशी ताडून फरकाचा काही भाग `BIAS` मध्ये मिळवायचा.

इथे चूक होते ती वेळेची. दुपारी २ ला बाटली भरली, निकाल २.४० ला आला: ९४.८०. २.४० चा अंदाज आहे ९४.९०. फरक उणे ०.१० असं म्हणून मोकळं व्हायचं नाही, कारण २ वाजता अंदाज ९५.०५ होता. खरा फरक उणे ०.२५. म्हणून सिस्टिमने नमुन्याच्या वेळचा अंदाज साठवून ठेवला पाहिजे. नमुना काढताना ऑपरेटरने स्क्रीनवर एक बटण दाबायचं, एवढी साधी सोय पुरते.

फरकाचा तीस टक्के भाग घ्या. उणे ०.२५ चे उणे ०.०७५. पूर्ण फरक घेतला तर हायड्रोमीटरची प्रत्येक थरथर कॉलममध्ये उतरते. आणि फरक ०.५ च्या वर असेल तर बायस अजिबात हलवू नका, दुसरा नमुना मागवा. इतक्या मोठ्या फरकामागे बहुतेक वेळा चुकीची बाटली, चुकीची वेळ किंवा बिघडलेला आरटीडी असतो.

सहावी पायरी: आधी नुसतं दाखवा, मग कंट्रोलला जोडा

पहिले काही आठवडे आकडा फक्त स्क्रीनवर ठेवा. ऑपरेटर आधी हसतील, मग लॅबच्या निकालाशी ताडून बघतील, मग नमुना काढायच्या आधी स्क्रीन बघायला लागतील. ते झाल्यावरच लूप जोडा.

लूप दोन मजली ठेवा. खालचा कंट्रोलर दुरुस्त तापमान बघतो आणि ड्रॉ कमी-जास्त करतो. हा जलद असतो. वाफ स्वतःच्या फ्लो कंट्रोलवर स्थिर राहते. वरचा कंट्रोलर अंदाजित स्ट्रेंथ बघतो आणि खालच्याला तापमानाचा सेटपॉइंट देतो. हा मुद्दाम संथ. सेटपॉइंटला मर्यादा घाला, समजा ८६ ते ८८.५, आणि तो एका मिनिटात किती सरकावा यालाही. म्हणजे बायस चुकीचा हलला तरी कॉलम एकदम डोलत नाही. आरटीडी किंवा दाबाचा ट्रान्समीटर बिघडला की वरचा मजला आपोआप सुटून शेवटच्या चांगल्या सेटपॉइंटवर थांबला पाहिजे.

यात एक छुपा सापळा आहे. आपल्या सूत्रात रिफ्लक्स रेशो आहे, आणि ड्रॉ बदलला की रेशो त्याच क्षणी बदलतो. म्हणजे कंट्रोलरने ड्रॉ कमी करताच अंदाज लगेच वर उडतो, प्लेटांवर अजून काहीच घडलेलं नसताना. कंट्रोलर खूश होऊन हात आखडता घेतो. मग खरी स्ट्रेंथ मागाहून येते आणि हिशोब जुळत नाही. उपाय असा की रेशो सूत्रात कच्चा टाकायचा नाही. त्याला फर्स्ट ऑर्डर लॅग लावायचा, आणि त्याचा वेळ चाचणीतून घ्यायचा: ड्रॉ बदलल्यापासून स्ट्रेंथ बरीचशी हलेपर्यंत जेवढा लागला तेवढा.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

डिस्टिलरीत सगळ्यात जास्त छळतं ते फ्यूजल ऑइल. आयसोअमाइल अल्कोहोलसारखी ही जड अल्कोहोल पाणी जास्त असलेल्या प्लेटांवर उडून वर जातात, आणि अल्कोहोल जास्त असलेल्या प्लेटांवर जड ठरून खाली येतात. परिणामी ती मध्येच, नेमकी आपल्या बोलक्या प्लेटेच्या आसपास अडकतात. आपलं गणित समजतं की प्लेटवर फक्त इथेनॉल आणि पाणी आहे. फ्यूजल साठलं की इथेनॉल न हलताही तापमान सरकतं. ओळख अशी: लॅब आणि अंदाज यांचा फरक एकाच बाजूला हळूहळू वाढत जातो, आणि फ्यूजलचा ड्रॉ वाढवल्यावर काही तासांत आपोआप मिटतो. अशा वेळी बायस ढकलत बसू नका, फ्यूजल काढा. नाहीतर फ्यूजल निघून गेल्यावर तो बायस उलटा पडतो.

आरटीडी बिघडला आहे की कॉलमच हलला आहे, हे शेजारच्या प्लेटांवरून कळतं. २४ चढलं आणि २० व २८ ही थोडेफार चढले, तर कॉलम हलला आहे. एकटं २४ उडालं, तर टर्मिनल बॉक्स उघडा. पावसाळ्यात त्यात पाणी सापडतं. प्रेशर ड्रॉप महिनोन्‌महिने वाढत असेल आणि लोड तोच असेल, तर प्लेटा चोंदत आहेत. मग ‘६० पैकी ३६’ हा हिशोबही खोटा ठरतो, कारण ड्रॉप सगळ्या प्लेटांवर सारखा वाटलेला राहत नाही.

कच्चा माल बदलला, सी हेवी मोलॅसिसवरून बी हेवीवर किंवा थेट सिरपवर गेलात, की वॉशची स्ट्रेंथ आणि फ्यूजलचं प्रमाण दोन्ही बदलतात. त्या दिवशी वरचा मजला सोडवा, आठ-दहा नमुने जास्त घ्या, आणि बायस एका नव्या जागी बसतो का ते बघा. बसला तर रेषा टिकली. फरक स्ट्रेंथनुसार वेगवेगळा येऊ लागला, म्हणजे ८६ अंशांना एक आणि ८८ ला दुसरा, तर गुणांकच बदलले आहेत आणि चौथी पायरी पुन्हा करायची.

या सेन्सरला स्ट्रेंथपलीकडचं काही दिसत नाही. अल्डिहाइड, एस्टर, मालात गेलेलं फ्यूजल यांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफच लागतो. ईएनए करत असाल तर स्ट्रेंथ पास आणि माल नापास असं सर्रास होऊ शकतं. मॉलिक्युलर सिव्हच्या पुढच्या इंधन इथेनॉललाही हे सूत्र लागू नाही. तिथला प्रश्न उरलेल्या पाण्याच्या अगदी थोड्या अंशाचा आहे, आणि कॉलमची प्लेट त्याबद्दल काहीच सांगत नाही.

लॅब उणे अंदाज हा फरक एका साध्या आलेखावर रोज लावत जा. शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर सेन्सर ठीक आहे. सलग सात-आठ बिंदू एकाच बाजूला पडले, तर आधी हायड्रोमीटरचा तक्ता, मग इम्पल्स ट्यूब, मग फ्यूजलचा ड्रॉ, या क्रमाने तपासा. गुणांकांना हात सगळ्यात शेवटी लावा.